टँकरचा दर, टँकरच्या फेऱ्या आणि लिफ्टमधली नोटीस

सोसायटीत सगळ्यात कमी वाचली जाणारी नोटीस सभेची आणि सगळ्यात जास्त वाचली जाणारी पाण्याच्या पैशांची. तरी कमिट्या पहिली जीव ओतून लिहितात आणि दुसरी उरकून टाकतात. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, टँकरच्या दरात वाढ झाल्याने पुढील महिन्यापासून प्रति फ्लॅट रु. १,५०० आकारण्यात येतील. सहकार्य अपेक्षित.’ खाली सही, आणि नेमका १,५०० वर उमटलेला गोल शिक्का.

या नोटिशीत माझ्या मते एकच दोष आहे: तिच्यातलं कारण खरं असलं तरी ते अर्धंसुद्धा नाही.

समजा सोसायटी ६० फ्लॅटची. पूर्वी महिन्याला ३० टँकर यायचे, १०,००० लिटरचा एक, दर १,६०० रुपये. म्हणजे ४८,००० रुपये, फ्लॅटमागे ८००. आता दर २,००० झाला आणि टँकर झाले ४५. बिल ९०,०००, फ्लॅटमागे १,५००. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका लिफ्ट यायच्या आत हिशेब करतात: दर चारशेनं वाढला, म्हणजे पंचवीस टक्के. आमचे पैसे मात्र जवळजवळ दुप्पट. मधले कुठे गेले? इथून पुढे संध्याकाळी गेटजवळ जे काही चालतं त्याला चर्चा म्हणायची पद्धत आहे.

मधले कुठेच गेलेले नसतात, नोटिशीत सांगायचे राहिलेले असतात. एकूण वाढ ४२,०००. त्यात दराची वाढ म्हणजे जुन्या ३० टँकरवरचे चारशे-चारशे, झाले १२,०००. उरलेले ३०,००० हे नव्या १५ टँकरचे. म्हणजे फ्लॅटमागच्या ७०० रुपयांच्या वाढीत दराचे फक्त २०० आणि फेऱ्यांचे ५००. नोटिशीत या दोन ओळी वेगळ्या लिहिल्या की काकांचा प्रश्न बदलतो. तो आता ‘पैसे कुठे गेले’ असा राहत नाही, ‘पंधरा टँकर का वाढले’ असा होतो. हा प्रश्न कमिटीला जास्त अवघड जातो, म्हणून तर दोन ओळी वेगळ्या लिहिल्या जात नाहीत.

याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे टँकरमधलं पाणी. चिठ्ठीवर ‘१०,००० लिटर’ हे आधीच छापलेलं असतं. टँकर भरण्याच्याही आधी, बहुधा चिठ्ठीपुस्तक छापलं तेव्हाच. रात्री दोनला वॉचमन झोपेतून उठून त्यावर सही करतो आणि ते पाणी कायद्यानं दहा हजार लिटर होतं. टाकीला मात्र वाचता येत नाही. जमिनीखालची टाकी आतून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असेल, तर तिच्यात पाणी एक सेंटिमीटर चढणं म्हणजे २०० लिटर. पूर्ण टँकर रिकामा झाला की पातळी ५० सेंटिमीटर वर यायला हवी. एक सरळ काठी, तिच्यावर खुणा, आणि टाकीच्या झाकणाखाली एकच ठरलेली जागा, एवढी सामग्री पुरते.

गंमत अशी, की ही मोजणीसुद्धा बहुतेक वेळा चुकते, आणि भांडण भलत्याच माणसाशी होतं. टँकर ओतत असताना गच्चीवर पाणी चढवणारा पंप चालू असला, तर एका बाजूनं आलेलं पाणी दुसऱ्या बाजूनं वर जातं, काठी ४० सेंटिमीटर दाखवते आणि ड्रायव्हर चोर ठरतो. उलट त्याच वेळी महापालिकेचं पाणी येत असेल, तर कमी भरलेला टँकरही पुरा दिसतो आणि ड्रायव्हर संत ठरतो. म्हणून आधी पंप बंद, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, मग पहिलं माप. टँकर संपल्यावर पाणी हलायचं थांबलं, की दुसरं माप. मधल्या वेळात ड्रायव्हर ‘साहेब, उशीर होतोय’ असं म्हणतोच. पाइप काढायची घाई त्याला असते, आपल्याला नसावी.

आता धरा, दर वेळी काठी ५० ऐवजी ४५ दाखवते. म्हणजे टँकर ९,००० लिटरचा. ४५ टँकरचं पाणी कागदावर साडेचार लाख लिटर, टाकीत चार लाख पाच हजार. दर कागदावर लिटरला वीस पैसे, प्रत्यक्षात बावीस. पूर्वीचे ३० टँकर पुरे भरलेले होते असं मानलं, तर सोसायटीला खरोखर जास्त मिळालेलं पाणी रोजचं ३,५०० लिटर. महापालिकेच्या मीटरची रोज ठरलेल्या वेळी नोंद घेतली आणि त्यात रोज ३,००० लिटरची घट दिसली, तर तेवढं कारण बाहेरचं. उरलेले ५०० लिटर आपल्याच इमारतीत आहेत: गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक नीट बसत नाही आणि पहाटे ओव्हरफ्लोचा पाइप वाहतो, किंवा कुणाच्या तरी फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत धार लागलेली आहे. ती धार आवाज करत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून, फ्लश न करता थांबायचं. भांड्यात रंग उतरला की गुन्हेगार सापडला. हा बहुधा तोच फ्लॅट निघतो, ज्याचा नोटिशीला सर्वांत कडक विरोध असतो.

एवढं झालं तरी ‘प्रति फ्लॅट’ हे दोन शब्द उरतातच. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार सगळ्यांना सारखा नाही. तो फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि नळांची साइझ यांवर वाटायचा असतो. तसं केलं, तर आपल्या साठांपैकी तीस फ्लॅटमध्ये पाच-पाच आणि तीस फ्लॅटमध्ये सात-सात नळ, सगळे एकाच साइझचे, धरून एकूण नळ ३६०. ९०,००० भागिले ३६० म्हणजे नळामागे २५०. लहान फ्लॅटला १,२५०, मोठ्याला १,७५०. हे जाहीर झालं की सोसायटीत एक अद्भुत गोष्ट घडते: नळ नाहीसे होऊ लागतात. वॉशिंग मशीनचा नळ ‘आम्ही वापरतच नाही’, बाल्कनीतला ‘फक्त तुळशीपुरता’. बंद फ्लॅटवाल्यांचा युक्तिवाद आणखी सोपा: आम्ही राहत नाही, तर नळ तरी कसा राहतो? पण वाटणी वापरावर नाही, नळांवर आहे. वापरावर हवी असेल, तर फ्लॅटनिहाय मीटर लावावे लागतील, आणि त्यांच्या खर्चाची नोटीस काढायला कोणीच तयार नसतं.

एक तारीख मात्र नोटिशीत असलीच पाहिजे: हा आकार कधीपर्यंत. टँकर पावसाळ्यात थांबतात, त्यांचे पैसे थांबायचं विसरतात. ‘अंदाजी आकार, ३० सप्टेंबरपर्यंत, प्रत्यक्ष बिलांशी मेळ घालून जादा रक्कम पुढच्या बिलात वळती’ ही ओळ लिहा आणि ऑक्टोबरच्या बिलात ती पाळा.

राहिली जागा. नोटीस बोर्डावर नको, तिथे अजून मागच्या गणपतीची वर्गणी आहे. लिफ्टमध्ये, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत. पहिल्या ओळीत रक्कम, दुसऱ्या ओळीत ‘दरामुळे २००, फेऱ्यांमुळे ५००’, तिसऱ्या ओळीत तारीख. तिसरा मजला येईपर्यंत एवढंच वाचून होतं. पहिल्या मजल्यावरचे जिन्यानं जातात. त्यांच्यासाठी एक प्रत पंपाच्या खोलीच्या दारावर लावा, कारण पाणी आलं नाही की ते आधी तिथेच जातात.