खांब मोजायचे की मधली अंतरं?

"रस्ता ९०० मीटर, दोन खांबांत ३० मीटर, म्हणजे दिवे ३०. हिशेब सोपा आहे."

नगरसेवक साहेब, भागाकारातून आलेले ३० हे खांब नव्हेत, खांबांमधली अंतरं आहेत. पहिला खांब शून्य मीटरवर उभा राहतो, दुसरा ३० वर, आणि ९०० वर येतो तो एकतिसावा. तीसच मागवले तर एक टोक अंधारात राहील, आणि टोकाला बहुधा चौक असतो, जिथे उजेड सर्वांत जास्त लागतो. मात्र एका टोकाला जुन्या रस्त्याचा खांब आधीच असेल तर तुमचे ३० बरोबर, दोन्हीकडे असतील तर २९ पुरे. म्हणून आधी टोकं जागेवर जाऊन बघा.

मोजणीत लांबी ९२० निघाली तर भागाकार ३०.६७ येतो. ३० मीटर ही कमाल मर्यादा असेल तर पुढचा आकडा घ्यायचा: ३१ अंतरं, प्रत्येकी सुमारे २९.७ मीटर, खांब ३२. दोन्ही बाजूंना समोरासमोर लावणार असाल तर ६४.

आणि हे ३० मीटर कुठून आले तेही लोकांना सांगा. नऊ मीटर उंचीच्या खांबांना ते साधारणपणे चालतं. सहा मीटरच्या खांबांना मात्र फार लांब पडतं, मध्ये काळे पट्टे दिसतात.