सोन्याचा वर्ख आणि थॉमसनचा अणू

“बहुतेक अल्फा कण सोन्याच्या पत्र्यातून सरळ आरपार गेले. त्यावरून अणू पोकळ असल्याचं कळलं आणि थॉमसनचं मॉडेल त्याच दिवशी बाद झालं. रदरफोर्डने 1911 मध्ये प्रोटॉनने भरलेलं केंद्रक शोधलं.”

हा फॉरवर्ड भाचीने बोर्डाच्या परीक्षेसाठी वहीत जसाच्या तसा उतरवला, म्हणून लिहायला बसलोय.

आरपार जाण्याने थॉमसनचं काय बिघडतं? त्याच्या अणूत धनभार सगळ्या गोळ्यात पसरलेला. इतक्या पातळ पसरलेल्या भाराचा जोर धनभारित अल्फा कणावर कुठेच फारसा लागत नाही, आणि इलेक्ट्रॉन अल्फा कणाच्या सात हजारांश वजनाचा. म्हणजे कण किंचित वळून आरपार जाणार, हे थॉमसनही सांगत होता! नडले ते मागे फिरलेले थोडे कण. रदरफोर्डच्या प्रयोगशाळेतल्या गायगर आणि मार्सडेन यांना ते 1909 मध्ये मँचेस्टरला दिसले, अंधाऱ्या खोलीत कण आदळताच झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उठणाऱ्या चकाक्या सूक्ष्मदर्शकातून मोजताना.

तरी एक पळवाट उरत होती: छोटे धक्के साठत साठत कण उलटा फिरला असेल. रदरफोर्डचा 1911 चा ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मधला लेख उघडा, ही वाट तिथे सुरुवातीलाच बंद होते. सुमारे 0.00004 सेंटिमीटर जाडीच्या वर्खात विचलन बहुतेकदा 0.87 अंशाच्या आसपास. पण साधारण 20,000 तला एक कण सरासरी 90 अंशांनी वळतो. धक्के साठून तसं व्हायची शक्यता मांडायला गेलात तर दशांशचिन्हापुढे हजारावर शून्यं लिहावी लागतील. म्हणून वळण एकाच टकरीत, एकाच अणूत. तेवढा जोर हवा तर भार एका ठिपक्यात कोंबायलाच हवा: त्रिज्या दहा हजार पटींनी घटली, तर पृष्ठभागाजवळचं बल दहा कोटी पटींनी वाढतं.

“त्याच दिवशी” हेही खोटं. 1909 च्या चकाक्यांपासून 1911 च्या गणितापर्यंत दोन वर्षं गेली, आणि गणिताची कसून तपासणी झाली 1913 मध्ये. सूत्रानुसार 60 अंशांवर 120 अंशांच्या नऊपट कण दिसायला हवेत. गायगर-मार्सडेनच्या सोन्याच्या तक्त्यात 477 आणि 51.9 आहेत, म्हणजे 9.2 पट.

प्रोटॉनचं तर नावच नको. 1911 च्या त्या लेखात मध्यवर्ती भार धन की ऋण हेही ठरवलेलं नाही. सोयीसाठी धन धरलाय, एवढंच.

बरं, अणू बहुतांशी मोकळा असतो, हे खरं. पण ते मागे फिरलेल्या कणांनी सांगितलं, आरपार गेलेल्यांनी नाही. भाचीने ती ओळ खोडली आहे. ताईने मात्र फॉरवर्ड आणखी दोन ग्रुपवर टाकून ठेवलाय.