काटा एकाच बाजूला

बारावीच्या प्रॅक्टिकलला चिठ्ठी उचलली आणि मीटर ब्रिज निघाला. मागचा मुलगा हळूच म्हणाला, "भिया, गए." इंदूरमध्ये सांत्वन असंच करतात.

उपकरण विद्युत रोध मोजायचं, पण दिसायला गरीब. लाकडी फळीवर एक मीटर लांब तार, खाली पट्टी, वर पितळी पट्ट्या आणि त्यांच्यात दोन फटी. डाव्या फटीत रेझिस्टन्स बॉक्स, उजवीकडे अज्ञात रोधाची कॉइल. तारेवर जॉकी, म्हणजे धातूची धार असलेली छोटी मूठ, टेकवत जायचं. जिथे गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर थांबेल, तिथे तारेचे दोन तुकडे आणि फटीतले दोन रोध एकाच प्रमाणात असतात. सराफ्यातला तराजू समजा, फक्त इथे पारड्यात वजन टाकण्याऐवजी काट्याची टेकण्याची जागाच सरकवायची. या मांडणीला नाव व्हीटस्टनचं असलं तरी ती 1833 मध्ये मांडली सॅम्युअल क्रिस्टी या शास्त्रज्ञाने. दहा वर्षांनी व्हीटस्टनने ती लोकांपुढे आणली आणि नाव त्याचंच राहिलं. आमच्या घरी श्रीखंड आई करायची आणि कौतुक आत्याचं व्हायचं, तसलाच प्रकार.

मी जोडणी केली, जॉकी डाव्या टोकाला टेकवला. काटा उजवीकडे. मधे टेकवला, उजवीकडे. उजव्या टोकाला टेकवला, तरी उजवीकडेच! जोडणी बरोबर असेल तर दोन टोकांना काटा विरुद्ध दिशांना पळायला हवा, तरच मधे कुठे तरी शून्य सापडेल. माझा काटा मात्र कट्टर पक्षनिष्ठ निघाला. घाबरून मी जॉकी तारेवर वरून खाली खसाखस घासू लागलो.

"अरे, घासतोस काय, चंदन आहे का ते?" लॅबमधले काका ओरडले. "टेकव, उचल, पुढे टेकव. घासलीस की तार झिजते, मग तिची जाडी सगळीकडे सारखी राहील का?" सगळा हिशेब सेंटिमीटरमध्ये करायची मुभा त्या सारख्या जाडीवरच तर आहे. मग त्यांनी माझ्या बॉक्सकडे नुसतं बोट दाखवलं. मी 'INF' लिहिलेला प्लग काढून ठेवला होता.

या बॉक्सचा न्याय उलटा असतो. प्लग घट्ट बसवला की तिथला रोध बाद, उपटला की रोध मंडळात. 'INF' उपटला म्हणजे फट सताड उघडी, अनंत रोध. मग शून्य कुठून सापडणार! मला वाटलं होतं की ती कंपनीची खूण असेल.

तो बसवला, एक ओहमचा काढला. आता काटा दोन्हीकडे पळाला आणि 13.7 सेंटिमीटरवर थांबला. उरली 86.3. भागाकार केला, 6.30 ओहम. मी खुशीत वही मिटतोय तोच काका पुटपुटले, "कोपऱ्यात सापडलंय." तारेची टोकं जिथे पट्टीला जोडतात तिथलाही थोडा रोध असतो. पाच-सात मिलिमीटर तारेइतका धरा. तेरा सेंटिमीटरांत तेवढ्याने गडबड होते, पन्नासात ती फारशी जाणवत नाही. म्हणून ज्ञात रोध अज्ञाताच्या जवळपास घ्यायचा.

एकच्या जोडीला पाचचाही प्लग काढला. सहा ओहम. शून्य आलं 49.8 वर, आणि उत्तर 6.05. आता टोकांची चूक पुसायला बॉक्स आणि कॉइलच्या जागा बदलायच्या. बदलल्या. शून्य पुन्हा 49.8 वरच!

नेमके तेव्हाच बाहेरचे परीक्षक आले. "जागा बदलल्या म्हणतोस आणि आकडा तोच? वहीत उतरवलास का?"

घाम फुटला, पण हिशेब मांडला. आता कॉइल डावीकडे, म्हणून 6 गुणिले 49.8 भागिले 50.2, म्हणजे 5.95. दोघांची सरासरी 6.00. दोन्ही रोध सारखेच असतील तर त्यांच्या अदलाबदलीने बिंदू हलणार कसा? तो मधून सरकलाय तो तारेच्या टोकांमुळे, आणि ती टोकं तर जागची हललीच नव्हती.

ते काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, माझ्या हातातून जॉकी घेतला आणि 49.8 वर टेकवला. काटा जागचा हलला नाही.

"सेल जुना दिसतोय," ते म्हणाले. "नवा घातला तर बिंदू कुठे जाईल?"

"कुठेच नाही, सर. काटा फक्त जास्त जोरात हलेल."

त्यांनी सही केली. काकांनी मागे उभं राहून 'INF'चा प्लग आणखी एकदा घट्ट पिळला.