बाळं जास्त की आया जास्त?

"पुण्याच्या आयटी पट्ट्यात हजार माणसांमागे 20 बाळं, तालुक्याच्या गावांत फक्त 13. म्हणजे शहरातल्या बायकांना गावातल्यांच्या दीडपट मुलं होतायत. तक्ता खाली दिलाय, स्वतः बघा. आणि लोक म्हणतात शहरात एकावरच थांबतात!"

असा एक फॉरवर्ड आलाय, त्यातला तक्ता बघितला. तक्ता काही सरकारी नाहीये, पण आपण तो खरा धरून चालू, कारण त्याच तक्त्यातनं उलटं उत्तर निघतं. दोन्हीकडे लोकसंख्या 1 लाख धरलीय.

| वय | शहर: बायका | शहर: जन्म | गाव: बायका | गाव: जन्म |
|---|---|---|---|---|
| 15-19 | 3000 | 30 | 4000 | 120 |
| 20-24 | 6000 | 600 | 3000 | 510 |
| 25-29 | 8000 | 960 | 3000 | 420 |
| 30-34 | 6000 | 360 | 3000 | 150 |
| 35-39 | 4000 | 80 | 3500 | 70 |
| 40-44 | 3000 | 15 | 3000 | 15 |
| 45-49 | 2000 | 2 | 3000 | 3 |

आधी ते 20 आणि 13. भागाकार चुकलेला नाही, शहरात 2047 जन्म आणि गावात 1288, लाखाने भागले की हजारी 20.5 आणि 12.9. पण ह्याला ढोबळ जन्मदर म्हणतात, कारण खाली जे लाख लोक आहेत त्यात आजोबा आले, शाळकरी पोरं आली, पीजीत राहणारे बॅचलरही आले. आता 20 ते 34 च्या बायका मोजा, शहरात 20 हजार आणि गावात 9 हजार. नोकरीला आणि लग्न होऊन सगळ्या वाकड-हिंजवडीकडे आल्यावर तिकडे बाळं जास्त दिसणारच ना, आया जास्त आहेत म्हणून, एकेकीला जास्त झाली म्हणून नाही.

ह्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका म्हणाले, मग फक्त 15 ते 49 च्या बायकांनी भागा, विषय संपला. नाही संपत. शहर हजारी 64, गाव 57, अजूनही शहरच पुढे. कारण ह्या भागाकारात 47 वर्षांची बाई आणि 27 वर्षांची बाई सारख्याच धरल्या जातात, आणि गावात 35 च्या पुढच्या बायका 22,500 पैकी 9,500 आहेत, शहरात 32,000 पैकी 9,000.

म्हणून एकेक ओळ वेगळी भागायची, हाच वयनिहाय जननदर. 20-24 ला शहरात हजारी 100, गावात 170. 25-29 ला 120 आणि 140. फक्त 30-34 ला शहर पुढे आहे, 60 ला 50, कारण लग्नं उशिरा. पस्तिशीनंतर दोन्हीकडे सेम. सातही दर बेरजेला घेतले की शहराचे 316 आणि गावाचे 416 होतात, आणि इथे गुणिले पाच विसरायचं नाही, कारण एक बाई प्रत्येक गटात पाच वर्षं काढते आणि दर आहे तो एकाच वर्षाचा:

```
शहर: 5 × 316 / 1000 = 1.58
गाव: 5 × 416 / 1000 = 2.08
```

हा टीएफआर, एकूण जननदर. पाच विसरलात तर 0.3 येतं, मी प्रॅक्टिकलला एकदा तेच लिहून आलो होतो आणि मॅडमनी फक्त वहीवर प्रश्नचिन्ह काढलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा 1.7 होता, त्याच्या आसपास तरी काहीतरी यायला हवं की.

आता "मुलं होतायत" ह्या शब्दांबद्दल. 1.58 ही कुठल्याच खऱ्या बाईची मुलं नाहीत. एक काल्पनिक बाई, जी 15 ते 49 चा सगळा काळ ह्याच एका वर्षाच्या दरांनी काढेल, तिला इतकी होतील एवढाच अर्थ. पोरी पहिलं मूल 25 ऐवजी 30 ला करायला लागल्या की मधली काही वर्षं जन्म कमी दिसतात आणि टीएफआर खाली जातो, जरी शेवटी प्रत्येकीला दोनच झाली तरी. त्यामुळे "शहरात दीडच मूल" असा नवा फॉरवर्डही कृपया काढू नका.

आणि माझा खरा संशय जन्मांच्या रकान्यावर आहे. आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. गावातली बाई बाळंतपणाला पुण्याच्या हॉस्पिटलात आली, किंवा पुण्यात माहेरी आली, तर बाळ शहराच्या रजिस्टरला आणि आई मात्र गावाच्या बायकांत. समजा 20-24 च्या त्या 600 पैकी 120 बाळं अशी असतील, तर शहराचा दर 100 नाही, 80. आणि तेच 120 गावाकडे धरले तर तिथला 170 चा 210 होतो. भागणारा आणि भागला जाणारा आकडा एकाच बायकांचा हवा, नाहीतर सात ओळी करून उपयोग काय. जन्माच्या नोंदणी फॉर्मवर आई राहते कुठे हे विचारलेलं असतं. तक्ता करणाऱ्याने जन्म त्या पत्त्यावरून वाटले असतील तर वरचे आकडे राहू द्या, नुसती हॉस्पिटलची रजिस्टरं मोजली असतील तर शहर 1.58 च्याही खाली आणि गाव 2.08 च्या वर.