म्युच्युअल फंडाचा फुकट सल्ला कसा घ्यावा

सर्वप्रथम, घरचा माणूस शोधा. सांगलीत ते अवघड नाही. विश्रामबागेत एका इमारतीत तिघे तरी असतात. आमचा मेहुण्याच्या मित्राचा मुलगा. दर दिवाळीला एक डायरी, एक कॅलेंडर आणि पाव किलो भडंग घेऊन येतो. "काका, आपलं काही चार्ज नाही हं, सगळं फ्री," असं म्हणतो आणि चहा घेऊन जातो. इतका निरपेक्ष माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं, तो बोट ठेवेल तिथे सही करा. फॉर्मवर वरच्या बाजूला ‘एआरएन’ म्हणजे वितरकाच्या नोंदणी क्रमांकाचा एक रकाना असतो आणि तो त्याने आधीच भरलेला असतो. त्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचत बसू नका, चहा गार होतो.

तिसरं, मध्यस्थाविना थेट फंड कंपनीकडून घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनचा विषय निघालाच तर एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, बघा. आमच्या फंडाच्या वितरकामार्फतच्या रेग्युलर प्लॅनचा एनएव्ही कमी आणि डायरेक्टचा जास्त. "काका, बघा, डायरेक्ट महाग पडतं. इथं तेवढ्याच पैशात जास्त युनिट येतात." मला पटलं. दोन्हीमागे शेअर तेच, फंड मॅनेजर तोच. सेबीच्या आदेशाने 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन सुरू झाले, तेव्हा दोघांचे एनएव्ही जवळपास सारखेच होते. मग एक मागे का पडला, असा प्रश्न माझ्या डोक्यात बारा वर्षं आला नाही. तुमच्याही येऊ देऊ नका.

चौथं, फंडाकडून येणाऱ्या मेल उघडू नका.

ही चूक मी गेल्या महिन्यात केली. दर सहा महिन्यांनी सगळ्या फंडांचं मिळून एक एकत्रित स्टेटमेंट मेलवर येतं. त्याला पासवर्ड असतो, तो बहुधा पॅन, तोही कॅपिटल अक्षरात, हे कळेपर्यंत अर्धी संध्याकाळ गेली. उघडल्यावर फंडाच्या नावापुढे एक आकडा दिसला : वितरकाला दिलेलं कमिशन, 5,612 रुपये. सहा महिन्यांचं. शेजारीच त्या योजनेच्या रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनचा सरासरी खर्च टक्क्यांत दिलेला. रेग्युलरचा जवळजवळ एक टक्का जास्त. हे सगळं छापायला सेबीने 2016 सालीच सांगितलेलं आहे. म्हणजे वर्षानुवर्षं ते माझ्याकडे येत होतं आणि मी ‘प्रमोशन्स’मध्ये ढकलत होतो.

मी फोन केला. "काका, ते तुमच्याकडून नाही घेत. ते फंड कंपनी देते आम्हाला."

कंपनी देते! हे ऐकून माझा ऊर भरून आला. कंपनी कुठून देते? माझे त्या फंडात चौदा लाख. वर्षाला सुमारे 0.8 टक्के म्हणजे 11,200 रुपये. दिवसाला साधारण 30 रुपये. ही रक्कम योजनेच्या खर्चात धरलेली असते, खर्च रोज मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर एनएव्ही जाहीर होतो. माझ्या खात्यातून ‘डेबिट’ असा मेसेज कधी येत नाही, कारण पैसे खात्यात दिसायच्या आधीच कापलेले असतात. रविवारीसुद्धा. मार्केट यार्डात हळद विकली तर पट्टीवर हमाली आणि तोलाई वेगवेगळी लिहून येते, आणि शेतकरी एका रुपयावरून अडत्याशी भांडतो. इथे पट्टीच नाही. फक्त हळदीचं वजन रोज थोडं कमी भरतं, आणि काटा दुसऱ्या खोलीत.

बरं, ही रक्कम एकदाच जात असती तरी सोडून दिलं असतं. पूर्वी गुंतवताना एन्ट्री लोड कापायचे, ते ऑगस्ट 2009 मध्ये बंद झालं. ते निदान दिसायचं तरी. आताचं कमिशन, ज्याला ट्रेल म्हणतात, तुम्ही फंडात असेपर्यंत चालू राहतं आणि पैसे वाढले की तेही वाढतं. दरमहा दहा हजारांची एसआयपी वीस वर्षं, बारा टक्क्यांनी वाढली असं धरा, तर साधारण 99 लाख. एक टक्का कमी, अकरा, तर साडेशहाऐंशी लाख. मधले बारा लाख म्हणजे वीस डायऱ्या आणि पाच किलो भडंग.

मान्य आहे, चांगला वितरक असतो. बाजार कोसळल्यावर "विकू नका" म्हणून दारात येऊन बसणारा, बायकोचं नॉमिनेशन स्वतः करून घेणारा. अशा माणसाने 11,200 घेतले तर मी हात जोडून देईन. आमच्या निरपेक्ष पोराचा फोन मार्च 2020 मध्ये लागत नव्हता. एप्रिलमध्ये लागला, तेव्हा नवीन योजनेची माहिती होती.

पाचवं, डायरेक्टमध्ये जायचंच असेल तर रागाच्या भरात एका दिवसात सगळं फिरवा. मीही फिरवणार होतो. सुदैवाने बायकोने कॅल्क्युलेटर पुढे ठेवला. रेग्युलरमधून त्याच योजनेच्या डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याने विक्रीच. आठ लाख घातले होते, चौदा झाले, नफा सहा लाख. वर्षभरापेक्षा जुन्या इक्विटी युनिटवर सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही. उरलेल्या पावणेपाच लाखांवर साडेबारा टक्क्यांनी 59,375 आणि वर सेस. हा कर कधी ना कधी द्यायचाच असतो, पण आजच का? म्हणून आधी जुनी एसआयपी बंद करून डायरेक्टमध्ये नवी सुरू केली. जुने युनिट दर आर्थिक वर्षात नफा सव्वा लाखाच्या आत राहील तेवढेच फिरवतोय. सर्वांत जुने युनिट आधी जातात आणि त्यांच्यातच नफा जास्त, त्यामुळे दरवर्षी वाटतं त्यापेक्षा कमी रक्कम सरकते. एक वर्षाच्या आतले हप्ते लवकर काढल्यावर कापल्या जाणाऱ्या एक्झिट लोडमुळे तसेच ठेवलेत, आणि करबचतीच्या ईएलएसएस फंडातल्या प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं भरेपर्यंत त्याला हात लावता येत नाही.

आता हा उपरोध पुरे. अहो, शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून वाद घालता, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून पोलीस ठाण्यापर्यंत जायची तयारी असते तुमची, आणि आयुष्याची पुंजी कुठल्या प्लॅनमध्ये आहे हे विचारलं तर "तो पोरगा बघतो" म्हणता? पोरगा बघतोच. त्याचं तो बघतो. त्याने चोरी केलेली नाही. सगळं छापून दिलेलं होतं, आपण वाचलं नाही. बारा वर्षं! माझ्यासारखा हिशेबाचा मास्तर, आणि बारा वर्षं!

आज रात्री ती मेल शोधा. योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ की ‘डायरेक्ट’ ते बघा, एआरएन कुणाचा आहे ते बघा, आणि कमिशनचा आकडा बघा. आकडा पटला तर त्याला चहा पाजा. नाही पटला तर काय करायचं ते वर लिहिलंय. मला फोन करू नका, मी फुकट सल्ला देत नाही.