भजन संध्या लाइव्ह करताय? मग काहीच तपासू नका!

परवाच्या एकादशीला आमच्या कॉलनीच्या भजन संध्येचं यूट्यूब लाइव्ह कॉपीराइटपायी तिसऱ्याच भजनाला बंद पडलं. लॅपटॉपवर मी बसलो होतो, म्हणून शिव्याही मीच खाल्ल्या. तुमच्यावर ही वेळ यावी असं मनापासून वाटत असेल, तर माझे हे सल्ले जपून ठेवा.

पहिलं म्हणजे हार्मोनियमवाल्या काकांना बोलवायचंच नाही. ते चहा पितात, सूर लावायला दहा मिनिटं घेतात. त्यापेक्षा सेक्रेटरी साहेबांचा पेनड्राइव्ह बरा. त्यात २३ ट्रॅक, सगळे कुठून कुठून उतरवलेले, काहींमधून तर मूळ गायकाचा आवाज सॉफ्टवेअरने काढलेला. आवाज काढला की गाणं आपलंच झालं ना भाऊ! आता मागची बासरी, टाळ, पखवाज सगळं त्याच कंपनीच्या रेकॉर्डिंगमधलं आहे आणि यूट्यूबवर गाणी ओळखणाऱ्या मशीनला जुळवायला तेवढं पुरतं, पण असल्या बारीक गोष्टींत कोण पडतं.

दुसरं, "तुकोबांचा अभंग आहे, तुकोबांवर कोणाचा कॉपीराइट?" हे वाक्य पाठच करून ठेवा, मीटिंगमध्ये फार चालतं. तुकोबांच्या शब्दांवर नाहीच आहे, बरोबर. पण तुम्ही जी चाल लावून राहिले ती तुकोबांनी दिली का? ती गेल्या शतकातल्या कुण्या संगीतकाराची, तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, ते बाजारात आलं तिथून ६० वर्षं. शब्द, चाल, रेकॉर्डिंग, तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. आणि आपल्याकडे तर राष्ट्रसंतांच्या भजनाशिवाय कार्यक्रम उठतच नाही. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, म्हणजे हिशोबाने त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. "संत आहेत" म्हणून कायद्यात वेगळा रकाना नाही.

तिसरं, व्हिडिओखाली "कॉपीराइट मोडण्याचा हेतू नाही" असं लिहा. मशीन वाचून गहिवरते.

चौथं, आमच्या खजिनदारांसारखं कलम काढा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला सूट आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. आहेच. पण स्टेजवर बिल्डरचा बॅनर, मधे सत्कार, आणि ते सगळं नेटवर जगभर, हा विधी की कार्यक्रम, हे कोर्टात वकिलाने मांडायचं असतं. जुळणी करणाऱ्या मशीनला कलम कळत नाही, तिला फक्त आवाज कळतो. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीकडून हॉलपुरतं लायसन्स आणलं म्हणजे नेटचंही झालं, असंही समजू नका, पण तुम्ही तर हॉलचंही आणलं नसेल.

पाचवं, स्क्रीनवर इशारा आला तर पाहू नका. हे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण माझं डोकं इथेच फिरलं. यूट्यूबच्या नियमांत स्पष्ट आहे, लाइव्हमध्ये दुसऱ्याचं गाणं सापडलं की तुमच्या चित्राच्या जागी एक स्थिर चित्र येऊ शकतं आणि ते गाणं काढायला सांगतात, काढलं नाही तर लाइव्ह मधेच थांबू शकतं. आमच्याकडे इशारा आला तेव्हा मी साउंडवाल्याला हात केला, ट्रॅक बंद कर, नुसत्या टाळ-ढोलकीवर घेऊ. सेक्रेटरी म्हणे, "देवाचं काम आहे बाप्पा, काही होत नाही." दोन मिनिटांत गेलं. अमरावतीची माझी आत्या फोनवर, "काहून बे, बंद केलं का?" आणि हे सगळे माझ्याकडे पाहून राहिले!

आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेबांनी मला न विचारता कंपनीच्या क्लेमवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकला, कारण काय तर "भक्तिगीत आहे". अहो, क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही, तो साधा दावा, गाणं काढलं की निपटतो. डिस्प्यूट टाकला की समोरच्याला ३० दिवस मिळतात, त्याने नाकारला आणि तुम्ही अपील केलं आणि तेही त्याला पटलं नाही तर तो व्हिडिओच उतरवायला लावेल, मग स्ट्राइक. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनलच जातं, त्यावरचे सगळे जुने कार्यक्रम घेऊन. हक्क हातात नसताना कशाला पंगा घेता?

आता सरळच बोलतो. सेक्रेटरी साहेब, तुम्हाला चार दिवस आधी सांगितलं होतं, ट्रॅक द्या, मी प्रायव्हेट व्हिडिओ करून चढवतो, अपलोड करतानाच कॉपीराइटची तपासणी होते, जे अडकतील ते काढू. तिथे पास झालं म्हणजे पुढे दावा येणारच नाही असं नाही, पण ठळक चोरी तरी तिथेच कळली असती. पेनड्राइव्ह मिळाला कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी! विकत घेतलेला ट्रॅक असेल तर विकणाऱ्याकडून लाइव्ह दाखवायची लेखी परवानगी घ्या म्हटलं, तर "इतकं कोण बघतं." मशीन बघते, साहेब. तिची काही चूक नाही, चूक तुमची आहे.

काका चार घरं सोडून राहतात. पेटी त्यांची स्वतःची आहे. पुढच्या एकादशीला त्यांना बोलवा, आणि पेनड्राइव्ह दिसला तर मी लॅपटॉप उचलून घरी जाईन.