दादा जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचा होता

दादाला चाळिशीच्या आत साखर निघाली तेव्हा घरात कुणाला पटेचना. हातपाय काटकुळे, गोडाची आवड नाही, फक्त पोट थोडं सुटलेलं. आई एवढंच म्हणाली, "जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचा होता. दुपट्यात दिसायचाही नाही." मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात कामाचं बोलणं तेच.

इंग्लंडमध्ये संशोधक डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरमधल्या सुईणींच्या जुन्या नोंदवह्यांवरून 1989 मध्ये दाखवलं होतं, की जन्मतः कमी वजनाचे पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त दगावले. पण दादाचं कोडं मला उलगडलं ते पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासामुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या बायकांची मोजमापं गरोदरपणाच्या आधीपासून घेतली. वजन सरासरी जेमतेम 42 किलो. बाळ जन्मलं की त्याचं नुसतं वजन नाही, तर दंडाचा नि पोटाचा घेर मोजायचे, आणि खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडीही.

ही पूर्ण दिवसांची बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. आपल्या बाळांचे दंड आणि पोट बरेच लहान, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव कमी भरलेले. पात्याखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी राखलेलं बाळ! रक्तातली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात आणि तेच मुळात कमी.

पण सव्वादोन किलो म्हणजे मधुमेह ठरलेलाच, असं नाही. दिल्लीत 1969 ते 1972 मध्ये जन्मलेल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजली गेली. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडलेली निघाली, ती दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती, आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत उंचीच्या मानाने त्यांचं वजन चढत गेलं. बाराव्या वर्षी त्यांतलं कुणीही लठ्ठ नव्हतं. त्यामुळे दोष जन्मवजनाचा किती आणि नंतरच्या चढाचा किती, हे आकड्यांतून वेगळं काढणं अवघड जातं. तरी चार-पाच वर्षांच्या बारीक पोराला "अंग धरू दे" म्हणून बिस्किटांचे पुडे देणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. दादाला आम्ही तेच दिलं.

हे सगळं सांगितल्यावर आईने विचारलं, "म्हणजे माझंच चुकलं?" मला बोलताच येईना. ती तेव्हा चाळीस किलोची होती, नववा लागेपर्यंत विहिरीवरून पाणी आणायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. त्या सहा गावांत ज्या बायकांच्या खाण्यात दूध, फळं, पालेभाज्या जास्त वेळा यायच्या, त्यांची बाळं मोठी होती. मी विचारलं, आपल्या घरी तर दोन म्हशी होत्या ना?

"दूध डेअरीला जायचं," ती म्हणाली.